तोच माल पुन्हा पुन्हा परत येतो तेव्हा: कारण, कृती आणि परिणाम-तपासणी एका धाग्यात बांधणारी कापा नोंद

आमच्या कपाटात एक जुनी कापा नोंद आहे. कापा म्हणजे सुधारात्मक आणि प्रतिबंधात्मक कृती, इंग्रजीत CAPA. नवीन माणूस क्वालिटीत आला की मी त्याला ती वाचायला देतो. तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय: 'बाटलीतून गळती, ग्राहकाकडून रिटर्न'. कारण: 'ऑपरेटरचं दुर्लक्ष, झाकण नीट बसलं नाही'. कृती: 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिलं, टॉर्क वाढवला', म्हणजे झाकण फिरवून आवळण्याचा जोर वाढवला. परिणाम-तपासणी: '३० दिवसांत तक्रार नाही. नोंद बंद'. खाली तीन सह्या. सगळे रकाने भरलेले, ऑडिटरनेही मान डोलावलेली. सव्वा महिन्याने तीच गळती परत आली, आणि या खेपेला सोबत नवी तक्रार होती: झाकण उघडतच नाही.

ती नोंद कुठे फसली आणि दुसऱ्यांदा आम्ही ती कशी लिहिली, तेच इथे सांगतो. उदाहरण ५०० मिलीच्या द्रव क्लीनरच्या बाटलीचं आहे, पण नोंदीची पद्धत कुठल्याही मालाला चालेल.

नोंद उघडण्याआधी: परत आलेली वस्तू हातात घ्या

प्रत्येक रिटर्नला कापा उघडायची नसते. तसं केलं तर महिन्याभरात चाळीस नोंदी उघड्या राहतात आणि एकीलाही न्याय मिळत नाही. आमचा नियम साधा आहे: तेच लक्षण तीन वेगवेगळ्या बॅचमध्ये दिसलं, किंवा जुन्या बंद केलेल्या नोंदीतलं लक्षण पुन्हा दिसलं, की कापा उघडायची. दुसऱ्या प्रकारात नव्या नोंदीवर जुन्या नोंदीचा क्रमांक लिहायचाच. आधीची कृती का पुरली नाही, हा प्रश्न मग आपोआप समोर येतो.

लक्षणाचा कोड डोळ्यांना दिसतं त्यावर द्यायचा, आपल्याला वाटतं त्यावर नाही. 'गळती' हे लक्षण झालं. 'झाकण सैल' हा अंदाज झाला. स्टोअरमधल्या माणसाने रिटर्न घेतानाच 'झाकण सैल' लिहिलं तर पुढची सगळी चौकशी त्याच रुळावरून धावते, आणि मानेला तडा गेलेल्या बाटल्याही त्याच ढिगात जमा होतात.

आमच्याकडे महिन्याला साधारण ६०,००० बाटल्या जात होत्या आणि गळतीच्या तक्रारी दर १०,००० बाटल्यांमागे १२ होत्या, म्हणजे महिन्याला सत्तरच्या आसपास. त्यातल्या प्रत्यक्ष बाटल्या निम्म्याहून कमी परत यायच्या. बाकीच्या ग्राहक टाकून देतो. ज्या ३१ बाटल्या हाती होत्या त्या आम्ही टेबलावर मांडल्या आणि झाकणाच्या आतली गळती रोखणारी चकती, म्हणजे लायनर, पाहिला. झाकण पुरेसं घट्ट बसलं असेल तर बाटलीच्या तोंडाची कडा लायनरमध्ये रुतते आणि एक खोल, पूर्ण गोल ठसा उमटतो. ३१ पैकी २६ लायनरवर हा ठसा पुसट होता, बोट फिरवलं तर जेमतेम जाणवत होता. तोंडाची कडा मात्र धड होती. उरलेल्या पाचांत बाटलीच्या मानेला तडा होता. ते पाच वेगळे काढले आणि त्यांची नोंद वेगळी केली.

मग समस्येचं वाक्य लिहिलं: '५०० मिली, लाइन १, गेल्या १६ आठवड्यांतला माल, गळती, दर १०,००० मागे १२, तपासलेल्या ३१ पैकी २६ मध्ये लायनरवर पुसट ठसा, तोंडाची कडा धड'. या वाक्यात कारण नाही, दोषी माणूस नाही, आणि शेवटी तुलना करायला एक आकडा आहे. तो आकडा इथे नसेल तर परिणाम-तपासणीत 'तक्रारी कमी झाल्या' एवढंच लिहिता येतं, आणि ते कुणालाही खोडता येत नाही की सिद्धही करता येत नाही.

दुरुस्ती म्हणजे सुधारात्मक कृती नव्हे

गोदामातला माल थांबवणं, उभं-आडवं करून तपासणं, ग्राहकाला बदली माल देणं, ही दुरुस्ती. ती लगेच करायची आणि वेगळ्या रकान्यात लिहायची. तिने आजची आग विझते, कारण तसंच राहतं. सुधारात्मक कृती झालेल्या दोषाचं कारण काढते. प्रतिबंधात्मक कृती जिथे दोष अजून झालेला नाही, पण तेच कारण दबा धरून बसलेलं असू शकतं, तिथे जाते.

आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत प्रतिबंधात्मक कृतीचं स्वतंत्र कलम राहिलं नाही, ते जोखीम-विचारात मिसळलं. कलम १०.२ मात्र केलेल्या सुधारात्मक कृतीचा परिणाम तपासायला सांगतंच. वैद्यकीय उपकरणांच्या आयएसओ १३४८५ मध्ये २०१६ च्या आवृत्तीतही दोन्ही कलमं वेगळी आहेत, ८.५.२ आणि ८.५.३. कुठल्याही प्रमाणपत्राखाली काम करत असलात तरी नोंदीत हे तीन रकाने वेगळे ठेवा. एकाच रकान्यात लिहिलं की 'माल तपासून पाठवला' हे वाक्य सुधारात्मक कृती म्हणून खपून जातं.

कारण: कुठे होतं, आणि कुठे व्हायला हवं होतं पण होत नाही

पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा दोष असा की खोलीत बसून ती विचारता येते आणि उत्तरंही खोलीतच मिळतात. पाचव्या 'का'ला हमखास प्रशिक्षण निघतं. त्याआधी 'कुठे आहे आणि कुठे नाही' ही तुलना करा. ती करायला माहिती आणावीच लागते.

आमच्या बाबतीत दोन तुलना बोलल्या. पहिली: १ लिटरच्या बाटलीला हेच २८ मिमीचं झाकण, त्याच पुरवठादाराचं, कित्येकदा त्याच खोक्यातलं लागतं. ती लाइन २ वर भरतात आणि तिथून गळतीची तक्रार नव्हती. म्हणजे झाकण आणि लायनर जवळपास सुटले. खरेदी विभागाने तोवर पुरवठादाराला कडक पत्र पाठवून टाकलं होतं, ती गोष्ट निराळी.

दुसरी तुलना वेळेची. लाइन १ वर ५०० मिली आणि २५० मिली आलटून पालटून चालतात. २५० मिलीचं झाकण लहान असल्यामुळे माप बदलताना, म्हणजे दर चेंजओव्हरला, झाकणं आवळणाऱ्या कॅपिंग मशीनच्या आठही हेडचा टॉर्क बदलावा लागतो. ५०० मिलीचं एक रन साधारण दोन आठवडे चालतं. गळतीच्या १४ बॅच कॅलेंडरवर मांडल्या तर ११ बॅच रनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या निघाल्या. चेंजओव्हरनंतरचे पहिले दिवस जवळपास स्वच्छ. ऑपरेटरचं दुर्लक्ष असतं तर ते कॅलेंडर बघून आलं नसतं. काहीतरी रन चालू असताना हळूहळू ढासळत होतं.

आता मशीनवर जायची वेळ झाली. रोटरी मशीनमधून बाटल्या हेडच्या क्रमानेच बाहेर पडतात. रन संपत आलं असताना एका हेडला चिकटपट्टी लावली, तिथून मोजत १६० बाटल्यांवर १ ते ८ असे आकडे टाकले, म्हणजे प्रत्येक हेडच्या २० बाटल्या झाल्या. त्या २४ तास ठेवल्या. प्रत्येक हेडच्या ५ बाटल्यांचा झाकण उघडण्याचा टॉर्क मोजला आणि उरलेल्या १५ आडव्या टाकून गळती पाहिली.

हे २४ तास महत्त्वाचे आहेत. झाकण बसवताना लावलेला टॉर्क आणि नंतर ते उघडायला लागणारा टॉर्क एक नसतो. लायनर दबून सैलावतो, प्लास्टिक थोडं सरकतं आणि उघडण्याचा टॉर्क बराच खाली येतो. म्हणून मर्यादा कुठल्या टॉर्कची आणि किती वेळानंतरची, हे नोंदीत लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. आमची मर्यादा २४ तासांनंतर उघडण्याच्या टॉर्कची होती: ०.७ ते १.२ न्यूटन-मीटर.

सात हेडचे आकडे ०.८८ ते १.०८ च्या मध्ये आले. सहाव्या हेडचे असे: ०.४१, ०.४६, ०.४४, ०.४८, ०.४३. सहाव्याच्या १५ आडव्या बाटल्यांपैकी ७ गळल्या, बाकी सात हेडच्या १०५ पैकी एकही नाही.

फिटरने सहावं हेड उघडलं. टॉर्क ठरवणाऱ्या चुंबकी क्लचची कडी ज्या लॉक स्क्रूने जागेवर धरलेली असते तो सैल होता आणि कडी सरकली होती. हेच कारण असेल असं वाटलं, पण इथे थांबायचं नाही. कारण सिद्ध झालं असं म्हणायला ते चालू-बंद करून दाखवावं लागतं. कडी जागेवर आणून स्क्रू घट्ट केला: टॉर्क ०.९५ च्या आसपास आला. मुद्दाम पुन्हा तेवढीच सरकवली: पुन्हा ०.४५ च्या आसपास, आणि आडव्या बाटल्या पुन्हा गळल्या. पुन्हा घट्ट केली: ठीक. या प्रयोगाला दोन दिवस गेले आणि त्या बाटल्या अर्थातच विकल्या नाहीत. प्रॉडक्शनवाले कुरकुरले. पण या दोन दिवसांमुळे पुढची तीन महिन्यांची वादावादी टळली.

स्क्रू सैल का होत होता? चेंजओव्हरला तो दर वेळी उघडून पुन्हा आवळला जायचा, तो किती आवळायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आवळल्यावर टॉर्क मोजून पाहायची पायरीच नव्हती. कडीवरच्या पट्टीचा आकडा जुळवला की काम झालं असं धरलं जायचं. नंतर मशीनच्या थरथरीने तो दहा-बारा दिवसांत सरकायचा.

दुसरं कारण: आपल्या तपासणीतून ते निसटलं कसं

बहुतेक नोंदींत हे कारण नसतंच. दोष का झाला, हे एक. झालेला दोष आपल्याला का दिसला नाही, हे दुसरं. दोन्ही वेगळी लिहायची, कारण दोघांची कृती वेगळी असते.

आमच्या शीटवर टॉर्क दर शिफ्टला मोजला जात होता. आठ बाटल्या घ्यायच्या, मोजायच्या आणि सरासरी लिहायची. सात हेड १.०० आणि एक हेड ०.४५ असेल तर सरासरी येते ०.९३. मर्यादेच्या अगदी पोटात. शीटवर रकाना एकच होता, 'सरासरी टॉर्क'. म्हणजे तपासनीस रोज तो ०.४५ चा आकडा पाहत होता आणि शीट त्याच्याकडून तो लिहून घेत नव्हती. 'तपासनीसाने कळवलं नाही' असं कारण लिहिणं इथे सोपं होतं. पण शीट तशीच राहिली असती तर पुढचा तपासनीसही तेच करणार होता.

परिणाम-तपासणी कृतीच्या आधी लिहा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. कारण सिद्ध झालं त्याच दिवशी, कृती ठरवण्याआधी, तपासणीचा निकष लिहून तारीख टाकायची. काम झाल्यावर निकष ठरवायला बसलं की जो आकडा आलाय त्याच्याभोवती निकष शिवला जातो.

जुनी नोंद '३० दिवसांत तक्रार नाही' म्हणून बंद झाली होती. ती कशी फसवी होती ते पाहा. आम्ही जुन्या रिटर्नची उत्पादनाची तारीख आणि परत आल्याची तारीख समोरासमोर मांडली. १०० पैकी ९० रिटर्न उत्पादनानंतर ४९ दिवसांच्या आत यायचे, पण पहिल्या ३० दिवसांत जेमतेम पाव. माल गोदामात, वाटेत, विक्रेत्याकडे आणि मग ग्राहकाच्या कपाटात बसलेला असतो. म्हणजे ते ३० दिवस बरेचसे शांतच असणार होते. भर म्हणून त्याच काळात चेंजओव्हर झाला, स्क्रू नव्याने आवळला गेला आणि माल काही दिवस खरोखरच चांगला निघाला.

म्हणून रिटर्न मोजताना परत आल्याचा महिना धरू नका, उत्पादनाची तारीख धरा. कृतीनंतर तयार झालेल्या बॅच, त्यातल्या पाठवलेल्या बाटल्या आणि त्याच बॅचमधून आलेले रिटर्न. कृतीनंतरही काही आठवडे जुन्या मालाचे रिटर्न येत राहतात, तेव्हा घाबरून नवी कृती करायची नाही. तक्रारी थांबल्यासारख्या वाटतात तेव्हा खूश होऊनही चालत नाही.

किती माल गेल्यावर तपासायचं? इथे थोडं गणित आहे, पण सोपं. जुन्या दराने या मालातून किती रिटर्न आले असते, ते काढा. अपेक्षित आकडा १ असेल आणि एकही रिटर्न आला नाही, तर काहीच न सुधारताही असं होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. अपेक्षित ३ असतील आणि शून्य आले, तर ती शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून शून्य रिटर्नवर नोंद बंद करायची असेल तर किमान ३ अपेक्षित होतील इतका माल जाऊ द्या. आमच्या दराने त्याला २,५०० बाटल्या पुरतात. पण हे गणित रिटर्न एकेकटे, विखुरलेले येतात असं धरून चालतं. आमचे झुंडीने यायचे, आणि २,५०० बाटल्या रनच्या पहिल्या दिवसांतच निघून जातात, तेव्हा स्क्रू सैल झालेलाच नसतो.

म्हणून दुसरी अट हवी: कारणाला डोकं वर काढायची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. स्क्रू रनच्या दुसऱ्या आठवड्यात सरकतो, तर तपासणीत किमान तीन चेंजओव्हर आणि त्यानंतरची तीन पूर्ण रन हवीत. दोष पावसाळ्यात येत असेल तर उन्हाळ्यातली तपासणी कामाची नाही, तसंच हे. ५०० मिलीची तीन रन म्हणजे सलग चालवली तर सहा आठवडे, त्यावर सात आठवडे रिटर्नची वाट. एकूण १३ आठवडे. मधल्या २५० मिलीच्या रनमुळे प्रत्यक्षात आणखी लांबलं, ते आधीच लिहून ठेवलं.

इतके दिवस डोळे मिटून बसायचं नसतं, म्हणून एक जवळची तपासणीही ठरवली: प्रत्येक रनच्या शेवटच्या दिवशी आठही हेडचा उघडण्याचा टॉर्क, प्रत्येक हेडच्या ५ बाटल्या. हे कारणाजवळ मोजणं झालं. रिटर्न हे ग्राहकाजवळ मोजणं. दोन्ही लागतात. टॉर्क सुधारला आणि रिटर्न सुधारले नाहीत तर आपलं कारण अपुरं आहे. रिटर्न सुधारले आणि टॉर्क तसाच राहिला तर सुधारणा आपल्यामुळे झालेली नाही.

तिसरी गोष्ट, कृतीचा उलटा परिणाम. जुन्या नोंदीत सगळ्याच हेडचा टॉर्क वाढवला होता. सैल सहावं हेड त्याने फारसं सुधारलं नाही, आणि बाकीची सात मात्र इतकी घट्ट झाली की झाकण उघडेना. म्हणून नव्या नोंदीत 'झाकण उघडत नाही' या तक्रारीचा आकडाही तपासणीत धरला.

कृती: ज्या कारणाला लागते, त्याच्याच क्रमांकाने

कृती ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: उद्या या लाइनवर सगळी माणसं नवी आली तरी ही कृती टिकेल का? प्रशिक्षण टिकत नाही. चेंजओव्हरच्या कार्डावरची पायरी थोडी टिकते. बदललेला स्क्रू टिकतो.

आम्ही नायलॉनचा पट्टा असलेले लॉक स्क्रू लावले, ते दर चेंजओव्हरला नवे घ्यायचे आणि मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळायचे असं कार्डावर घातलं. आवळल्यावर स्क्रू आणि कडीवरून रंगाची एक आडवी रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे लांबूनही कळतं. स्क्रू पक्के चिकटवणारं द्रावण सुचवलं गेलं होतं. ते नाकारलं, कारण स्क्रू पुन्हा उघडायचेच आहेत. प्रत्येक झाकणाच्या मापासाठी आधीच बसवलेला वेगळा क्लच संच हा याहून भक्कम उपाय होता. तो महाग म्हणून मागे ठेवला आणि तसं नोंदीत लिहिलं. नाकारलेला पर्याय कारणासकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी कामी येतो.

निसटण्याच्या कारणासाठी शीट बदलली. आठ रकाने, आठ हेड, सरासरीचा रकाना काढून टाकला. एकही आकडा मर्यादेबाहेर गेला तर लाइन थांबवायची. मागच्या चांगल्या तपासणीपासूनचा माल वेगळा काढायचा, हेही तिथेच लिहिलं.

प्रतिबंधात्मक म्हणून लाइन २ पाहिली. तिथे चेंजओव्हर होत नाही, म्हणून तक्रार नव्हती. पण क्लच त्याच जातीचा. बारा हेडपैकी दोनचे स्क्रू हाताला थोडे सैल लागले. टॉर्क अजून मर्यादेत होता. तिथेही स्क्रू बदलले, रेघा मारल्या आणि महिन्यातून एकदा रेघ पाहायचं काम मेंटेनन्सच्या यादीत घातलं.

नोंद कागदावर अशी दिसते

प्रत्येक कारणाला क्रमांक, प्रत्येक कृतीला ती कोणत्या कारणासाठी त्याचा क्रमांक, प्रत्येक तपासणीला ती कोणत्या कृतीसाठी त्याचा. आमच्या नोंदीचा गाभा असा होता:

कारण १ (दोष होण्याचं): हेड ६ चा क्लच लॉक स्क्रू रन चालू असताना सैल होतो, आवळण्याचा टॉर्क ठरलेला नाही. पुरावा: हेडनिहाय मोजणी, चालू-बंद प्रयोग.
कारण २ (निसटण्याचं): टॉर्क शीटवर फक्त सरासरी.

कृती १, कारण १ साठी: नवे स्क्रू, ठरलेला टॉर्क, रंगरेघ. पुरावा: कार्डाची नवी आवृत्ती, आठ हेडचे फोटो.
कृती २, कारण २ साठी: हेडनिहाय शीट.

तपासणी १, कृती १ साठी: सलग तीन रनच्या शेवटी प्रत्येक हेडच्या पाचही बाटल्या ०.७ ते १.२ मध्ये, आठही रेघा अखंड.
तपासणी २, कृती २ साठी: लाइनवाल्यांना न सांगता एका हेडची कडी सरकवून ठेवायची, त्याच शिफ्टच्या तपासणीत पकडलं गेलं पाहिजे. तो माल बाहेर जाऊ द्यायचा नाही.
तपासणी ३, एकूण: तीन रनच्या मालातून सात आठवड्यांत गळतीचे रिटर्न २० किंवा कमी, 'उघडत नाही' तक्रारी आधीच्या पातळीपेक्षा जास्त नाहीत.

नोंद झाली की ती खालून वर वाचा. ही तपासणी पास झाली तर ती कृती लागू पडली असं म्हणता येतं का? ती कृती टिकली तर ते कारण जातं का? ते कारण गेलं तर समस्येच्या वाक्यातला आकडा खाली येईल का? जुनी नोंद अशी वाचली तर पहिल्याच पायरीवर अडकते. '३० दिवसांत तक्रार नाही' यावरून प्रशिक्षण लागू पडलं, हे कुठल्याच वाटेने निघत नाही.

तपासणी करणारा माणूस कृती करणारा नसावा. आमच्याकडे कृती मेंटेनन्सची होती, तपासणी क्वालिटीच्या दुसऱ्या शिफ्टने केली.

तपासणीत काय निघालं

तीन रनमध्ये मिळून ८४,००० बाटल्या गेल्या. जुन्या दराने १०० च्या आसपास रिटर्न आले असते. आले ९. त्यातल्या ७ बाटल्यांच्या मानेला तडा होता, म्हणजे ती दुसरीच नोंद. उरलेल्या दोन हाती आल्याच नाहीत, फक्त तक्रार आली. त्या दोन्ही गळतीत धरल्या. 'उघडत नाही' तक्रारी टॉर्क मूळ जागी आणल्यावर खाली आल्या. तपासणी ३ पास. मुद्दाम सरकवलेलं हेड दुसऱ्या तासाला पकडलं गेलं. तपासणी २ पास.

तपासणी १ मात्र पास झाली नाही. दुसऱ्या रनच्या शेवटी हेड ३ चे आकडे आले ०.६८, ०.७१, ०.६९, ०.७२, ०.७०. रंगाची रेघ अखंड होती, म्हणजे स्क्रू हललेला नव्हता. फिटरने हेड उतरवलं तर झाकण धरणारा भाग, म्हणजे चक, झिजलेलं निघालं. ते झाकण नीट पकडत नव्हतं, घसरत होतं. त्या पाचांतल्या कुठल्याच बाटलीतून गळती झाली नाही, आणि रिटर्नचा आकडा तर उत्तम होता. बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: रिटर्न नव्वद टक्क्यांनी कमी झालेत, आता बंद करून टाकू.

बंद केली नाही. निकष आधी लिहिलेला होता आणि त्यात 'प्रत्येक हेडच्या पाचही बाटल्या' असं स्पष्ट होतं. शेवटच्या रकान्यात हे लिहिलं: 'कारण १ व २ वरील कृती परिणामकारक. तपासणी १ मध्ये हेड ३ मर्यादेखाली. कारण वेगळे, चकची झीज. कारण ३ म्हणून याच नोंदीत जोडले. कृती ३: आठही चकची झीज मोजून बदलण्याची मर्यादा ठरवणे. तपासणी ४: चक बदलल्यानंतरच्या तीन रनच्या शेवटी हेडनिहाय टॉर्क. नोंद उघडी'.